महत्त्वाचं म्हणाल तर चहा तुमच्याकडे

सदाशिव पेठेतल्या सुहासिनी दातारांच्या घरात एका शब्दाला मज्जाव होता. तो शब्द म्हणजे ‘महत्त्वाचा’. शिवी दिलीत तर बाईंनी एक वेळ ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं, पण हा शब्द ज्याच्या तोंडातून गेला त्यानं उठायचं, सगळ्यांसाठी चहा टाकायचा आणि नंतर कपही स्वतःच विसळायचे. नियमाला अपवाद नव्हता. गॅस तपासायला आलेला माणूस ‘रबरी नळी बदलणं महत्त्वाचं आहे हो’ म्हणाला, त्यालाही बाईंनी ओट्यापाशी उभं केलं होतं. चहा मात्र त्यानं बरा केला होता, हे त्या प्रामाणिकपणे सांगत.

बाईंची उभी हयात शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. छापखाना बुडाला, यजमान त्याआधीच गेले, आणि बाई घरी बसून लोकांचं लेखन दुरुस्त करू लागल्या. कुणी प्रबंध आणायचं, कुणी धंद्याचा प्रस्ताव, कुणी सासऱ्यांच्या पंचाहत्तरीचं भाषण. प्रत्येकात हा शब्द असायचाच. “बटाटा आहे मेला,” बाई म्हणायच्या. “कशातही घाला, भाजी वाढते. चव कुणाच्या बापाला येत नाही.”

त्या जागी कुठला शब्द घालायचा हे ठरवायची त्यांची एक तऱ्हा होती, आणि ती बघायला मिळावी म्हणून लोक दोन जिने चढून यायचे. बाहेरच्या खोलीत हातांची एक लाकडी खुर्ची होती, ती परीक्षकाची. दाराजवळ एक प्लॅस्टिकचं स्टूल होतं, ते व्यापाऱ्याचं, कारण व्यापारी कधी टेकून बसत नाही. आणि मधोमध झोपाळा, तो श्रोत्यांचा. लिहिणाऱ्यानं उभं राहून वाचायचं आणि बाईंनी ज्याच्यासाठी ते लिहिलंय त्याच्या जागेवर बसून ऐकायचं. खुर्चीत बसल्या की बाईंच्या कपाळाला आठ्या पडत. “तुझं संशोधन मोठं की छोटं ते मी ठरवणार, तू कशाला सांगतोस? काय सापडलं ते सांग.” स्टुलावर बसल्या की त्या हाताचं घड्याळ बघू लागत. “महत्त्वाचं? कुणाला, तुला की मला? माझं काय वाचणार ते बोल. त्याला निर्णायक म्हण, कळीचा मुद्दा म्हण, पण काय निर्णय होणार आणि कुलूप कुठलं, ते त्याच ओळीत पाहिजे.” आणि झोपाळ्यावर बसल्या की बाई एकदम हळव्या व्हायच्या. लाखमोलाचा, जिवाभावाचा, जन्माचा, असलं सगळं त्यांना तिथे चालायचं. “भाषण एकदाच कानावर पडतं,” त्या म्हणायच्या, “मागे जाऊन वाचायची सोय नाही. तिथे शब्द गोड पाहिजे आणि ओळखीचा पाहिजे.”

आतल्या खोलीत दीपमाला बिसेन भाड्यानं राहायची. गोंदियाची पोर, अन्नशास्त्रात एमएस्सी, एका कॉलेजात तात्पुरती शिकवायला. पहिल्या दिवशी तिनं बाईंना विचारलं, “काकू, किल्ल्या दोन मिळतील का? ते महत्त्वाचं आहे.” बाईंनी ओट्याकडे बोट दाखवलं. पोरीनं न कुरकुरता चहा केला, आलं ठेचून केला, आणि कप विसळताना म्हणाली, “बाप्पा, भाड्यात हे पण धरलंय काय?” बाईंना ती त्याच घटकेला आवडली. हे त्यांनी अर्थातच कुणाला सांगितलं नाही. पुण्यात माणूस आवडलं तर ते त्याला कळू देत नाहीत, डोक्यावर बसतं.

दीपमालाचं एक वेड होतं, जवसाची चटणी. जवसात तेल फार, त्यामुळे चटणी लवकर खवट होते. तिनं चटणीत कढीपत्त्याची वाळवलेली पूड अगदी थोडी घालून पाहिली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासलं तर ती चटणी साध्या चटणीपेक्षा बरीच जास्त टिकत होती. त्यावर तिला तीन ठिकाणी तीन गोष्टी करायच्या होत्या. आहारशास्त्राच्या परिषदेला गोषवारा पाठवायचा, शनिवार पेठेतल्या श्यामसुंदर गुगळे या मसाल्याच्या व्यापाऱ्याला प्रस्ताव द्यायचा आणि येरवड्याच्या बचत गटातल्या बायकांपुढे बोलायचं, कारण चटणी कुटणार त्या होत्या.

यात तिचं पुण्यात राहणं अडकलं होतं. कॉलेजची नोकरी संपत आली होती. गोंदियाला वडिलांनी ओळखीच्या शाळेत जागा बघून ठेवली होती आणि फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत तिकडे काही जमलं तर ठीक, नाहीतर सामान बांध. म्हणजे गुगळेशेठ हो म्हणाले तर पोर राहणार, नाहीतर जाणार. बाईंनी हे ऐकलं, ‘बरं’ म्हणाल्या आणि त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ घातलं.

गोषवाऱ्याची मुदत संपायच्या दिवशीच दीपमालाच्या भावाचा साखरपुडा निघाला. तिनं गोषवारा लिहून ठेवला आणि पिशवी उचलता उचलता म्हणाली, “काकू, मजकूर पक्का आहे. फक्त शुद्धलेखन बघा आणि पाठवून द्या. तोच मजकूर पुढे घेऊन प्रस्तावही करून ठेवा, परत आले की लगेच शेठकडे जाते.”

फक्त शुद्धलेखन. सुहासिनी दातारांना कुणी फक्त शुद्धलेखन बघायला सांगणं म्हणजे मांजराला फक्त दुधाचा वास घे सांगण्यासारखं आहे. त्यातून त्या दिवशी बाईंचे गुडघे धरले होते. लाकडी खुर्चीतून उठताना कळ येते म्हणून त्या कागद घेऊन झोपाळ्यावर बसल्या. इथेच सगळं बिनसलं. गोषवारा परीक्षकाचा आणि बाई बसल्या श्रोत्यांच्या जागी.

मजकुरात टिकण्याबद्दल लिहिलं होतं, ‘खवटपणात लक्षणीय घट आढळली.’ छान, बाई म्हणाल्या. पुढच्या ओळीत लिहिलं होतं, ‘ताज्या चटणीच्या चवीत लक्षणीय फरक आढळला नाही.’ ही ओळ बाईंना झोपाळ्यावर अगदीच रडकी वाटली. एवढं करून फरक नाही? खाली तक्ता होता. चाखणाऱ्यांनी दिलेले गुण पाहिले तर कढीपत्त्याच्या चटणीचे गुण थोडेसे जास्तच होते. मग नाही कशाला म्हणते ही? लाजाळू आहे पोर, विदर्भातली माणसं स्वतःची टिमकी वाजवत नाहीत. असं म्हणून बाईंनी तो ‘नाही’ काढला आणि ओळ केली, ‘ताज्या चटणीच्या चवीतही लक्षणीय सुधारणा आढळली.’ एकदा मोठ्यानं वाचली, झोका घेतला आणि गोषवारा पाठवून दिला. प्रस्तावातही तीच ओळ वर, ठळक अक्षरात. मनातून त्यांना वाटत होतं, या एका ओळीनं पोर इथे राहील.

बाईंनी आयुष्यात प्रबंध खूप तपासले, पण इतिहासाचे आणि मराठीचे. तिथे ‘लक्षणीय’ म्हणजे डोळ्यांत भरण्याजोगा. विज्ञानातली पोरं इंग्रजीत लिहीत आणि बाईंकडे येत नसत. तिकडे हाच शब्द म्हणजे सांख्यिकीच्या चाचणीतून पास होऊन आलेला, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं.

दीपमाला परत आली ती थेट कॉलेजात गेली आणि तिथून संध्याकाळी घरी येऊन, प्रस्तावाचं पाकीट उचलून शेठकडे. पाकीट उघडून बघायचं तिच्या मनातही आलं नाही, काकूंनी केलंय म्हटल्यावर बघायचं काय. गुगळेशेठ वल्लीच. त्यांनी पहिली ओळ वाचली, चष्मा कपाळावर नेला आणि दोन्ही चटण्या समोर मागवल्या. ही चाखली, पाणी प्यायले, ती चाखली. परत ही.

“मला तर दोन्ही सारख्याच लागतात,” ते म्हणाले. “सुधारणा कुठाय?”

दीपमालानं कागद हातात घेतला आणि वाचला. तिचा चेहरा उतरला.

“शेठ, हे चुकून आलंय. चवीत फरक नाही आढळला.”

“चुकून? एवढ्या जाड अक्षरात?” शेठनी पाकीट तिच्याकडे सरकवलं. “बेटा, चव माझ्या जिभेला कळते, म्हणून ही चूक पकडली. टिकतं किती ते मला इथे बसून कळत नाही, ते तुमच्या शब्दावर घ्यायचं. आता कसं घेऊ?”

घरी आली तर परिषदेचं उत्तर येऊन पडलं होतं. चवीच्या गुणांमधला फरक लक्षणीय असल्याचं म्हटलं आहे, सोबतच्या तक्त्यावरून तसं दिसत नाही, शुक्रवारपर्यंत खुलासा करावा किंवा दुरुस्त करावं, अन्यथा गोषवारा स्वीकारता येणार नाही.

दीपमालानं ते बाईंना वाचून दाखवलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बाईंना बरं वाटलं असतं, त्यांना भांडण येतं.

“काकू, मी काहून लिहिलं असेल ‘नाही’, हे एकदा फोन करून विचारायचं ना.”

“अगं, गुण जास्त आहेत त्या चटणीचे. मी तक्ता बघितला,” बाई म्हणाल्या. “जास्त म्हणजे जास्त.”

“एवढे कमी-जास्त गुण नुसत्या योगायोगानंही येतात. उद्या दुसरी माणसं चाखायला बसवली तर उलटेही होतील. ते तपासायची चाचणी असते, त्यात जो फरक टिकतो त्यालाच लक्षणीय म्हणतात. खवटपणाचा टिकला, चवीचा नाही टिकला. तुमच्या भाषेत तो शब्द कौतुक असेल. आमच्यात तो निकाल आहे.”

“मग फरक नाहीच असं लिहायचं ना सरळ.”

“तेही नाही म्हणता येत. आढळला नाही, इतकंच म्हणता येतं.”

‘शब्दाला शब्द’ ही त्यांची ख्याती, पेठेत लोक त्यांच्याशी वाद घालण्याआधी घरून जेवून निघत. त्या बाईंनी तक्ता उचलला आणि पुन्हा वाचायला घेतला. दीपमाला आत गेली, आणि थोड्या वेळानं आतून कपाट उघडल्याचा आणि बॅग ओढल्याचा आवाज आला. बाई झोपाळ्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्या मेल्या झोपाळ्याचा त्यांना इतका राग आला की त्यांनी त्याच्यावर कपड्यांची चळत टाकून ठेवली.

सकाळी बाई गुडघा धरून शनिवार पेठेत गेल्या. गुगळेशेठ आणि त्या एकमेकांशी बोलत नसत. पूर्वी एकदा बाईंनी दुकानाच्या पाटीवरच्या ‘सर्वोत्कृष्ट’ आणि ‘अत्युत्तम’ या दोन शब्दांवरून ‘यातलं नक्की कोणतं?’ असं भर गर्दीत विचारलं होतं, तेव्हापासून अबोला. शेठनी त्यांना पाहिलं आणि मुद्दाम हिंगाची डबी पुसायला घेतली.

“अहो शेठ, काल जी ओळ वाचलीत ती माझी,” बाई उभ्यानंच म्हणाल्या. “मुलीनं लिहिलं होतं, चवीत लक्षणीय फरक आढळला नाही. मी अक्कल पाजळली आणि तो ‘नाही’ काढला. तिला विचारलंही नाही. चूक माझी आहे, शिक्षा तिला नको.”

हे वाक्य त्यांनी वाटेत पाठ केलं होतं. तरी ‘चूक माझी’ म्हणताना जीभ अडखळलीच, सवय नव्हती.

शेठनी डबी ठेवली. “तिनं काय लिहिलं होतं म्हणालात?”

“फरक आढळला नाही.”

“म्हणजे पाला घातला तरी चाखणाऱ्याला कळत नाही?”

“नाही कळला त्यांना.”

“आणि खवट उशिरा होते.”

“ते चाचणीत टिकलंय. आकडे आहेत तिच्याकडे.”

शेठनी कपाळावर हात मारून घेतला. “अहो बाई, मग हेच सांगायचं होतं ना मला. माझं गिऱ्हाईक जवसाची चटणी आजीच्या चवीची मागतं. चव जरा बदलली की बरणी परत आणून आपटतं. टिकाऊ करून देणारे मला दहा भेटलेत, सगळ्यांनी चवीची माती केली. चव हलत नाही आणि माल परत येत नाही, हा माझा कळीचा मुद्दा. तो तुम्ही खोडून वर सुधारणा लिहिलीत. सुधारणा कुणी मागितली होती?”

बाई मटकन बसल्या. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की दुकानात गिऱ्हाइकांसाठी ठेवलंय ते स्टूल आहे. प्लॅस्टिकचं, त्यांच्या घरातल्यासारखंच. या जागेवरून ती रडकी ओळ खरंच सोन्याची दिसत होती.

“पाठवा पोरीला,” शेठ म्हणाले. “थोडा माल घेऊन बघतो. आणि बाई, ती पाटी मी बदललीय. अत्युत्तम काढलं.”

“बघितलं मी येताना,” बाई म्हणाल्या. “सर्वोत्कृष्टही काढलं असतंत तर चाललं असतं.”

घरी येऊन बाईंनी पहिल्यांदा लाकडी खुर्चीवरची धूळ पुसली आणि दीपमालाला उभं केलं. गोषवारा पुन्हा वाचला गेला. दीपमालानं तिची मूळ ओळ जशीच्या तशी परत आणली आणि बाईंनी तिला हात लावला नाही. दुसरीकडे एका ठिकाणी बाईंनीच पूर्वी ‘मौलिक’ घातलं होतं, ते त्या स्वतःहून म्हणाल्या, “काढ. परीक्षक ठरवेल.” प्रस्तावात पहिली ओळ आली, ‘चाखणाऱ्यांना चव वेगळी वाटली नाही, आणि चटणी खवट उशिरा होते, म्हणून परत येणारा माल कमी.’ ‘कळीचा मुद्दा’ असं वर लिहायचं का, दीपमालानं विचारलं. “नको,” बाई म्हणाल्या, “किल्ली हातात दिल्यावर कुलूप कशाला दाखवायचं.”

गोषवारा स्वीकारला गेला. शेठनी पहिली खेप मागवली. राहिलं येरवड्याचं भाषण, आणि झोपाळ्यावरची चळत काढावी लागली.

भाषणात बाईंनी आपली हौस भागवून घेतली. शेवटी आभार होते, आणि त्यात ‘सुहासिनीबाई दातार यांचे मोलाचे मार्गदर्शन’ होतं. मोलाचे हलकं वाटलं म्हणून बाईंनी बहुमोल केलं. मग अनमोल केलं. दीपमाला सगळं बघत होती.

येरवड्याला समाजमंदिरात बायका सतरंजीवर बसल्या होत्या. कुणाच्या मांडीवर पोर, कुणाच्या हातात निवडायची मेथी. गटाच्या प्रमुख विमलाबाई पहिल्या ओळीत, हाताची घडी घालून. दीपमाला कागद न उघडता बोलली. म्हणाली, “बायांनो, तुमच्या आईच्या हातची चव मी बदलणार नाही. ती तुमची आहे. मी फक्त ती जास्त दिवस टिकवणार.” विमलाबाईंनी हाताची घडी सोडली. मागची एक म्हणाली, “मग येतो की आम्ही.”

बाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या आणि मनात म्हणत होत्या, तीच ओळ. गोषवाऱ्यात तिला चाचणी लागली, शेठकडे परतीचा माल लागला, इथे आई लागली. आणि मी तीच खोडली होती.

मग आभार आले. बाईंनी पदर सारखा केला. अनमोल आता येणार.

“या माझ्या काकू,” दीपमाला म्हणाली. “यांनी माझं एकदा वाटोळं केलं होतं. मग दुखऱ्या गुडघ्यानं जाऊन ते निस्तरलं. काकू नसत्या तर मी आज गोंदियाला असते.”

एवढंच. विशेषण एकही नाही. बायका हसल्या आणि टाळ्या वाजल्या. बाईंनी चष्मा काढून पुसला, तो स्वच्छ होता.

रिक्षातून येताना बाईंनी दीपमालाच्या हातातला भाषणाचा कागद उघडून पाहिला. मग म्हणाल्या, “अनमोल का काढलंस गं?”

“जड होत होतं काकू. तुम्हीच म्हणता, बटाटा.”

“बरं केलंस.”

घरी आल्यावर दीपमालाचा फोन वाजला. वडील होते. ती आतल्या खोलीत बोलत होती, दार उघडंच होतं. शेठचं सांगितलं, गटाचं सांगितलं. मग बराच वेळ नुसतं “हो बाबा” चाललं. बाई झोपाळ्यावर बसल्या, उठल्या, खुर्चीत बसल्या, तिथूनही उठल्या. स्टुलाकडे बघून त्यांना कसंसंच झालं. शेवटी त्या आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. कपाटाशेजारी बॅग अजून तशीच होती.

दीपमालानं फोनवर हात ठेवला. “बाबा विचारतात, पुण्यात आपलं म्हणावं असं कोण आहे तुला?”

बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द सुचवले होते. आता जे सुचले ते सगळे खोटे वाटले. लाखमोलाची, जिवाभावाची, सगळे लोकांच्या भाषणातले. मग त्यांनी तो एकच शब्द उचलला, जो घरात चालत नव्हता.

“त्यांना सांग, मी आहे,” त्या म्हणाल्या. “आणि तू इथे राहणं मला महत्त्वाचं आहे.”

फोन सुरूच होता. दीपमालानं बाईंकडे पाहिलं, डोळे पुसले आणि ओट्याकडे बोट दाखवलं.

बाई मुकाट्यानं गेल्या आणि दोघींचा चहा टाकला. आलं ठेचून टाकला.